शिअरचं मायनस कुठून येतं?

आरसीसी बीमवर झेपेल त्याहून जास्त भार आला, तर तडे कुठे आणि कसे जातील हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमच्या मधोमध ते खालून वर, जवळजवळ सरळ उभे जातात. टेकूजवळ मात्र ते तिरपे होतात आणि त्या तिरपेपणालाही ठरलेली दिशा असते. डाव्या टेकूजवळचा तडा टेकूच्या बाजूने खालून निघतो आणि वर चढता चढता बीमच्या मध्याकडे झुकतो. उजव्या टेकूजवळचाही तसाच मध्याकडे झुकतो. भार नेहमीसारखा वरून खाली येत असेल, तर हे तडे उलट्या दिशेने झुकलेले सापडत नाहीत.

काँक्रीट दाब चांगला सोसतं, ओढ फारच कमी. त्यामुळे जिथे ओढ सर्वांत जास्त, तिथे तिच्या आडवा तडा जातो. डाव्या टेकूजवळचा तडा खालून वर आणि उजवीकडे चढत असेल, तर ओढ त्याच्याशी काटकोनात, म्हणजे डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी असणार. जुन्या बांधकामांत बीमच्या तळाच्या सळयांपैकी एक-दोन सळया टेकूजवळ ४५ अंशांत वर वळवून नेलेल्या असत. साइटवर त्यांना क्रँक किंवा बेंट-अप बार म्हणतात. अशी सळई डाव्या टोकाला वर असते आणि उजवीकडे उतरत तळाला येते, म्हणजे नेमकी त्या ओढीच्या दिशेत बसते. सळई वाकवणाऱ्या फिटरला त्यासाठी प्लस-मायनस लागत नाही.

कागदावर हिशेब करणाऱ्याला मात्र लागतं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचे आलेख अचूक काढतो, सूत्रं बरोबर वापरतो, स्ट्रेसचा आकडा बरोबर आणतो. तरीही ओढीची दिशा काढायला गेला की डाव्या टेकूजवळचा तडा त्याच्या कागदावर मध्याकडे झुकण्याऐवजी टेकूकडे झुकतो. गुणाकार-भागाकारात काहीच चुकलेलं नसतं. बीमच्या प्रकरणातून स्ट्रेसच्या प्रकरणात येताना एक मायनस मध्येच गळलेलं असतं.

हे मायनस गळतं याचं कारण असं, की दोन्ही प्रकरणांत प्लस कशाला म्हणायचं याचे नियम वेगळे आहेत. व्यापाऱ्याने बँकेत पैसे भरले की त्याच्या स्वतःच्या वहीत बँकेचं खातं नावे पडतं आणि बँकेच्या पासबुकात तीच रक्कम जमा दिसते. व्यवहार एकच, दोन्ही नोंदी बरोबर. फक्त एका वहीतली नोंद दुसरीत उतरवताना बाजू बदलावी लागते. बीमच्या वहीतला शिअर स्ट्रेसच्या वहीत नेताना तेच करावं लागतं.

आधी बीमची वही पाहू. बीम मध्येच कापला, असं समजायचं. डाव्या तुकड्याच्या उजव्या कापावर उरलेला बीम जे बल लावतो ते खाली असेल, तर शिअर प्लस. उजव्या तुकड्याच्या डाव्या कापावर तेच बल, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे, वर असतं आणि तोही शिअर प्लसच. म्हणजे बीमचा एक पातळ काप घेतला, तर त्याची डावी बाजू वर आणि उजवी बाजू खाली ढकलणारा शिअर प्लस. तो कापाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवू पाहतो. मोमेंटचं त्याहून सोपं आहे. बीम खाली झोळ घेत असेल, तळाला ओढ आणि माथ्याला दाब येत असेल, तर मोमेंट प्लस. यालाच सॅगिंग म्हणतात.

या नियमांची खासियत अशी, की त्यांत x, y अक्षांचा उल्लेखच नाही. बीमचं काय होतं यावरून चिन्ह ठरतं. त्यामुळे बीमच्या कामाला ते सोयीचे पडतात. पण कॉलम उभा असतो, त्याला झोळ कुठल्या बाजूला म्हणायचा? म्हणून अनेक ठिकाणी मोमेंटचा आलेख सरळ ओढ येणाऱ्या बाजूला काढतात. मग चिन्ह लिहिण्याची गरजच उरत नाही.

स्ट्रेसची वही अक्षांवर चालते. तिचा पाया ऑगस्टिन कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ च्या सुमारास घातला. पदार्थातला एक चिमुकला चौकोनी तुकडा घ्यायचा आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर कोणतं बल कुठल्या दिशेला आहे ते लिहायचं. नियम एका वाक्याचा आहे: बाजू प्लस अक्षाकडे तोंड करून असेल तर प्लस दिशेचा बाण प्लस, आणि बाजू मायनस अक्षाकडे तोंड करून असेल तर मायनस दिशेचा बाण प्लस. उजवी बाजू x च्या प्लस दिशेकडे पाहते. तिच्यावरचा उजवीकडचा बाण म्हणजे ओढ, प्लस. डावी बाजू मायनस दिशेकडे पाहते. तिच्यावर डावीकडे जाणारा बाण, हीसुद्धा ओढ, प्लस. ओढ नेहमी प्लस आणि दाब नेहमी मायनस, इथपर्यंत कुणाची अडचण होत नाही.

अडचण शिअरपाशी होते. y वरच्या दिशेने धरला, तर उजव्या बाजूवर वर जाणारा बाण प्लस. बीमच्या वहीत मात्र उजव्या बाजूवर खाली जाणारा बाण प्लस होता. बाण एकच, पण एका वहीत प्लस आणि दुसरीत मायनस.

मग वापरायच्या सूत्रांत हे मायनस उघडपणे लिहावं लागतं. y वर धरला आणि बीमचे नेहमीचे नियम ठेवले, तर सूत्रं अशी होतात:

σx = −My/I
τxy = −VQ/(Ib)

यात M हा मोमेंट, V हा शिअर फोर्स, I हा छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया, b ही रुंदी. Q म्हणजे विचारात घेतलेल्या पातळीच्या पलीकडच्या भागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्यबिंदूचं न्यूट्रल ॲक्सिसपासूनचं अंतर. तो नेहमी प्लसच घ्यायचा. पहिल्या सूत्रातलं मायनस बहुतेक पुस्तकांत छापलेलं असतं. दुसऱ्यातलं बरेचदा नसतं, कारण शिअरच्या प्रकरणात पुस्तक फक्त आकडा काढत असतं आणि दिशा चित्रात बाणाने दाखवलेली असते. पुढे प्रिन्सिपल स्ट्रेसच्या प्रकरणात तोच आकडा चिन्हासकट सूत्रात टाकायची वेळ येते, आणि चित्रातला बाण तोवर शंभर पानं मागे राहिलेला असतो.

हे मायनस कुणी ठरवलं म्हणून येत नाही, हे बीमचा एक काप डोळ्यांसमोर धरला की दिसतं. बीमच्या डाव्या अर्ध्या भागातला एक काप घ्या. भार मधोमध असेल, तर टेकूपासून आत जाताना मोमेंट वाढत जातो. म्हणून या कापाच्या डाव्या बाजूपेक्षा उजव्या बाजूवर मोमेंट थोडा जास्त, आणि तळाची ओढही उजवीकडे थोडी जास्त. आता या कापाची फक्त तळाची पट्टी वेगळी काढा. तिला उजवीकडे ओढणारं बल डावीकडच्यापेक्षा जास्त आहे. तरी ती जागची हलत नाही. कारण वरच्या भागाने तिला धरून ठेवलेलं आहे, तिच्या माथ्यावर डावीकडे ओढून.

म्हणजे या पट्टीच्या माथ्यावरचा शिअरचा बाण डावीकडे. माथ्याचं तोंड वर, प्लस y कडे. बाण मायनस x कडे. कोशीच्या नियमाने हा शिअर मायनस. मोमेंट वाढत जातो एवढ्या एका गोष्टीवरून, सूत्र न वापरता, चिन्ह हाती आलं.

पट्ट्यांमधला हा आडवा शिअर दिमित्री झुराव्स्की या रशियन इंजिनीअरने सूत्रात मांडला. १८४० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को रेल्वेमार्गाचं काम सुरू असताना तो तिथल्या लाकडी पुलांवर होता. लाकूड रेषांच्या आडवं मजबूत असतं, पण रेषांना समांतर सहज घसरतं. म्हणून उभ्या शिअरपेक्षा हा आडवा शिअर तिथे जास्त महत्त्वाचा ठरला. VQ/(Ib) हे सूत्र त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

आता तुकड्याच्या चारही बाजूंचे बाण पाहू. माथ्यावर डावीकडे, तर तळावर उजवीकडे. उजव्या बाजूवर खाली, डाव्या बाजूवर वर. तुकडा फिरू नये म्हणून हे चारही बाण सारख्या ताकदीचे असावे लागतात. कागदावर ते काढले की त्यांची टोकं दोन कोपऱ्यांत एकमेकांना भेटतात, डावीकडच्या वरच्या आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात. ज्या कोपऱ्यांत बाण भेटतात, ते कोपरे एकमेकांपासून दूर ओढले जातात आणि त्या कर्णाच्या दिशेत ओढ असते. डावीकडून वरून उजवीकडे खाली: तडा जिच्या आडवा जातो तीच ओढ, आणि क्रँक सळई जिच्यात बसते तीच दिशा. प्लस-मायनसचं काहीही आठवत नसलं, तरी एवढ्या चित्रावरून उत्तर तपासता येतं.

एक उदाहरण आकड्यांसह करून पाहू. सहा मीटर गाळ्याचा, साध्या टेकूंवरचा बीम, रुंदी २०० मिमी, उंची ६०० मिमी, मधोमध ८० किलोन्यूटनचा भार. बीमचं स्वतःचं वजन सोपेपणासाठी सोडून देऊ. दोन्ही टेकूंवर ४० किलोन्यूटन येतात. डाव्या टेकूपासून ०.६ मीटरवर शिअर प्लस ४० किलोन्यूटन आणि मोमेंट ४० गुणिले ०.६, म्हणजे प्लस २४ किलोन्यूटन-मीटर. तिथे न्यूट्रल ॲक्सिसच्या १५० मिमी खाली असलेला एक बिंदू घेऊ.

छेदाचा I येतो ३६० कोटी मिमी⁴. y वर धरला तर या बिंदूचा y मायनस १५०, आणि σx = −My/I मधून स्ट्रेस येतो प्लस १ न्यूटन प्रति चौरस मिमी. बिंदू खालच्या भागात, तिथे ओढ; बरोबर आहे. शिअरसाठी बिंदूच्या खालचा भाग २०० गुणिले १५० मिमी, त्याचा मध्य न्यूट्रल ॲक्सिसपासून २२५ मिमीवर, म्हणून Q साडेसदुसष्ट लाख मिमी³. त्यावरून शिअर स्ट्रेसचा आकडा येतो ०.३७५, आणि चिन्ह मायनस.

आता प्रिन्सिपल स्ट्रेस. १ आणि ०.३७५ वरून सर्वांत मोठी ओढ १.१२५ आणि दुसऱ्या दिशेचा दाब ०.१२५ येतो. कोन tan 2θ = 2τxy/σx यावरून. τxy मायनस असल्याने कोन मायनस १८.४ अंश, म्हणजे x अक्षापासून घड्याळाच्या दिशेने: ओढ उजवीकडे जाताना खाली उतरते, तीन मिमी आडवं गेल्यावर एक मिमी खाली. तडा तिच्या काटकोनात, म्हणजे एक मिमी उजवीकडे सरकताना तीन मिमी वर चढणारा, मध्याकडे झुकणारा. बीमच्या तळाशी तडा उभा असतो आणि वर जाता जाता तिरपा होत जातो, त्या वाटेवरचा हा एक टप्पा.

याच ठिकाणी मायनस विसरलं तर काय होतं? ओढ १.१२५ च राहते. दाबही ०.१२५ च राहतो. कारण हे आकडे काढताना शिअरचा वर्ग होतो आणि वर्गात चिन्ह बुडून जातं. फक्त कोन प्लस १८.४ होतो आणि तडा टेकूकडे झुकतो. परीक्षेत स्ट्रेसचा आकडाच विचारला असेल, तर चुकलेल्या विद्यार्थ्यालाही पूर्ण मार्क मिळतात. चूक वर्षानुवर्षं टिकून राहते याचं हेच मुख्य कारण असावं.

यावर एक उपाय असा, की y खालच्या दिशेने धरायचा. मग उजव्या बाजूवर खाली जाणारा बाण स्ट्रेसच्या नियमानेही प्लस होतो, तळाचा y प्लस होतो, आणि दोन्ही सूत्रांतली मायनस निघून जातात: σx = My/I आणि τxy = VQ/(Ib). दोन्ही वह्या जुळतात. स्टीफन तिमोशेंको यांच्या पुस्तकांवर भारतातल्या इंजिनीअरांच्या अनेक पिढ्या शिकल्या. त्यांच्या आणि गुडियर यांच्या इलॅस्टिसिटीवरच्या पुस्तकात टोकाला भार असलेल्या कॅन्टिलिव्हरचं गाजलेलं उदाहरण y खाली धरूनच सोडवलेलं आहे. किंमत एकच मोजावी लागते: y खाली असला की प्लस कोन x कडून y कडे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने मोजायचा. आपल्या उदाहरणात शिअर प्लस ०.३७५ आणि कोन प्लस १८.४ अंश येतो; पण तो घड्याळाच्या दिशेने, म्हणजे पुन्हा खालीच. हे न कळता कोन सवयीने उलट मोजला, तर जिंकलेलं मायनस दुसऱ्या दाराने परत येतं.

आता तिसरी वही. जर्मन इंजिनीअर ऑटो मोर यांनी १८८२ मध्ये स्ट्रेसचं वर्तुळ मांडलं. आज अनेक ठिकाणी ते ज्या पद्धतीने शिकवतात, तिच्यात तुकड्याला घड्याळाच्या दिशेने फिरवू पाहणारा शिअर वर्तुळावर वरच्या बाजूला मांडतात. आपल्या तुकड्याच्या उजव्या बाजूवरचा बाण खाली, तो तुकड्याला घड्याळाच्या दिशेने फिरवतो, म्हणून उजव्या बाजूचा बिंदू (१, ०.३७५) वर येतो. पण त्याच तुकड्याच्या माथ्यावरचा बाण डावीकडे, तो उलट दिशेने फिरवतो, म्हणून माथ्याचा बिंदू (०, −०.३७५) खाली जातो. कोशीच्या नियमात दोन्ही बाजूंवरच्या शिअरला एकच चिन्ह असतं, इथे दोन विरुद्ध चिन्हं आहेत. कोशीच्या नियमाने आलेलं मायनस घेऊन उजव्या बाजूचा बिंदू खाली मांडणं, ही मोरच्या वर्तुळातली सगळ्यांत नेहमीची चूक.

बिंदू बरोबर मांडले, तर वर्तुळाचं केंद्र ०.५ वर आणि त्रिज्या ०.६२५. उजव्या बाजूच्या बिंदूपासून सर्वांत मोठ्या ओढीच्या बिंदूपर्यंत वर्तुळावर घड्याळाच्या दिशेने ३६.९ अंश फिरावं लागतं. प्रत्यक्ष तुकड्यात त्याच्या निम्मं, १८.४ अंश, आणि त्याच दिशेने. पुन्हा खाली. शिअरचं चिन्ह तिन्ही हिशेबांत सारखं नाही, पण ओढ एकाच दिशेला निघाली; तशी ती निघाली नसती, तर कुठेतरी दोन वह्यांची सरमिसळ झाली होती असं ठामपणे म्हणता आलं असतं.

मोमेंटचं चिन्ह चुकलं तर साइटवर ते लगेच कळतं. मुख्य सळया तळाऐवजी माथ्यावर दिसल्या की अनुभवी फिटरच इंजिनीअरला विचारतो. शिअरचं तसं नाही. शिअरसाठी बीममध्ये बहुतेक वेळा उभ्या रिंगा असतात, आणि उभ्या रिंगेला तडा डावीकडे झुकलेला असो की उजवीकडे, काही फरक पडत नाही. दोन्हींना ती सारखीच आडवी येते. म्हणजे चुकीच्या चिन्हानेही रिंगा बरोबरच निघतात.

क्रँक सळईला मात्र दिशा असते. ती एकाच तिरपेपणाच्या तड्याला आडवी येते, उलट्या तड्याला जवळजवळ समांतर राहते. आयएस ४५६ या भारतीय मानकात बेंट-अप बार शिअरसाठी चालतात, पण शिअरच्या एकूण सळईकामात त्यांचा वाटा निम्म्यापेक्षा जास्त धरता येत नाही. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० मध्ये शिअर पेलताना त्यांचा वाटा अजिबात धरत नाहीत. भूकंपात जमीन मागेपुढे हलते, शिअरचं चिन्ह काही सेकंदांत अनेकदा उलटतं, आणि तडे दोन्ही तिरप्या दिशांना जाऊन फुलीसारखे दिसतात. एका दिशेची सळई तिथे अर्ध्या वेळी निरुपयोगी ठरते. कागदावरचं प्लस-मायनस इथे थेट सळईच्या आकारात उतरतं.

शिअरचा आकडाही चुकू शकतो, जेव्हा दोन शिअर एकत्र येतात. इमारतीच्या कडेच्या बीममधून बाहेर छज्जा निघालेला असेल, तर त्याच्या वजनाने बीम पिळला जातो. पिळामुळे बीमच्या एका उभ्या पृष्ठावर खाली जाणारा आणि समोरच्या पृष्ठावर वर जाणारा शिअर येतो. वरच्या उदाहरणात बीमच्या मध्य-उंचीवर साध्या भाराने ०.५ शिअर स्ट्रेस येतो. पिळाने ०.३ येत असेल, तर एका पृष्ठावर ०.८ होतो आणि दुसऱ्यावर ०.२. कोणत्या पृष्ठावर बेरीज? छज्जा ज्या बाजूला, त्या बाजूच्या. तो बीमची बाहेरची बाजू खाली ओढतो आणि भारही खालीच ढकलतो. हिशेबात दोन वेगळ्या वह्यांतली चिन्हं मिसळली, तर ०.८ आतल्या पृष्ठावर पडतो. मग तपासणी करणारा बीमची आतली बाजू न्याहाळत बसतो आणि तडा बाहेर, प्लास्टरखाली, वाढत राहतो.

आज हे आकडे बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर देतं, आणि वह्यांची संख्या त्याने कमी होत नाही. आपला तोच बीम स्टॅड प्रोमध्ये टाकला आणि मेंबरच्या टोकांवरची बलं पाहिली, तर दोन्ही टोकांना शिअर प्लस ४० दिसतो. बीमच्या वहीप्रमाणे तो डावीकडे प्लस ४० आणि उजवीकडे मायनस ४० असायला हवा. सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. ते प्रत्येक टोकावर बाहेरून लागणारं बल अक्षाच्या दिशेत लिहितं, आणि दोन्ही टेकू बीमला वरच ढकलतात. याच बीमची दोन्ही टोकं पक्की धरली, तर डावीकडे मोमेंट प्लस ६० आणि उजवीकडे मायनस ६० येतो. दोन्ही टोकांना माथ्यावर ओढ आहे, बीमच्या वहीत दोन्ही मायनस ६० आहेत. पण डावीकडे ते घड्याळाच्या उलट फिरवतं आणि उजवीकडे घड्याळाच्या दिशेने, म्हणून चिन्हं वेगळी. हे न कळता कुणी माथ्याच्या सळया फक्त एकाच टोकाला दिल्या, तर दुसऱ्या टोकाला बीमच्या माथ्यावर तडा ठरलेलाच.

एटॅब्समध्ये पुन्हा वेगळं. तिथे मोमेंट सॅगिंगला प्लस असतो, पण V2 हा शिअर कोशीच्या नियमाने चालतो: उजव्या कापावर वर जाणारा प्लस. म्हणून साध्या टेकूंवरच्या बीममध्ये डाव्या टोकाजवळ V2 मायनस ४० दिसतो आणि उजव्या टोकाजवळ प्लस ४०. बीमच्या वहीची सवय असलेल्या माणसाला आलेख उलटा छापल्यासारखा वाटतो. स्ट्रेस काढायचा असेल, तर हा V2 y वर धरलेल्या नियमाशी आधीच जुळलेला आहे. त्यात आणखी एक मायनस घातलं की हिशेब पुन्हा उलटतो. सूत्रातलं मायनस हे सूत्राचं नसून वह्यांमधल्या फरकाचं आहे, आणि फरकच नसेल तर ते घालायचं नाही.

म्हणून नवं सॉफ्टवेअर हाती आलं की जाणते इंजिनीअर सगळ्यांत आधी साध्या टेकूंवरचा, मधोमध भार असलेला एक बीम त्यात टाकतात. उत्तर तोंडपाठ असतं, त्यामुळे आकडा पाहायचाच नसतो. डाव्या टोकाच्या शिअरचं चिन्ह, मध्याच्या मोमेंटचं चिन्ह आणि आलेखाची बाजू, एवढ्या तीन गोष्टी टिपून हिशेबाच्या पहिल्या पानावर अक्षांच्या छोट्या चित्रासोबत उतरवतात. पुढे तो हिशेब दुसऱ्या कुणाच्या हाती गेला, तर V समोर मायनस पाहून त्याला अंदाज बांधावा लागत नाही. उजव्या कापावर बाण कुठे आहे, ते त्या चित्रात दिसतं.